अनोळखी टीव्ही आणि नवा पासवर्ड: घरच्या वाय-फायच्या नोंदी

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

कालपासून संध्याकाळी नेट रडतंय. आतल्या खोलीत ऑफिसचा व्हिडिओ कॉल दर दोन मिनिटांनी अडकत होता. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. आधी दोष लाइनचा की वाय-फायचा हे बघायचं ठरवलं. लॅपटॉप केबलने थेट वाय-फायच्या बॉक्सला, म्हणजे राउटरला, जोडला तर ९४ मिळाले. केबल काढून वाय-फायवर आले, तर त्याच खोलीत जेमतेम ७. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे, गडबड घरातल्या हवेत आहे.

बॉक्सच्या पानावर गेले. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं की ते उघडतं, नाव आणि पासवर्ड बॉक्सच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर आहेत. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत १३ ओळी दिसल्या. त्यातल्या आठ नावावरून लगेच ओळखू आल्या: तिघांचे फोन, दोन लॅपटॉप, टॅब, टीव्ही, प्रिंटर. उरलेल्या पाचांचा काही पत्ता लागेना. आई म्हणाली, "शेजारच्यांनी जोडलं असेल. त्यांच्याकडे नवा टीव्ही आलाय ना." शक्य आहे, पण नुसत्या शंकेवर कुणाच्या दारात जायचं नाही. आधी पाचही ओळींचा छडा लावायचा.

रविवार, ३ ऑगस्ट

पद्धत साधी ठेवली. घरातली एकेक वस्तू बंद करायची, यादी ताजी करायची आणि कोणती ओळ गेली ते वहीत लिहायचं.

पाचपैकी दोन ओळींचा पत्ता `24:0A:C4` ने सुरू होत होता. प्रत्येक उपकरणाला बारा अक्षरी मॅक पत्ता असतो आणि त्यातली पहिली सहा अक्षरं ती चिप बनवणाऱ्या कंपनीची असतात. ही सहा एस्प्रेसिफची आहेत. तिच्या चिपा स्वस्त स्मार्ट प्लगांत आणि बल्बांत सर्रास असतात. गीझरचा आणि गॅलरीतला असे दोन्ही प्लग काढले, दोन्ही ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीचं नाव नुसतं `wlan0` होतं. तो दारावरचा कॅमेरा निघाला. अशा वस्तू स्वतःचं नाव नीट सांगत नाहीत, त्यामुळे यादीत परक्या वाटतात.

चौथ्या ओळीचा पत्ता `DA` ने सुरू होत होता. पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो बहुधा कारखान्यातून आलेला पत्ता नसतो, उपकरणाने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा बनावट पत्ता वापरतात, आणि विंडोजमध्येही तशी सोय आहे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ती सोय नुकतीच चालू झाली होती. म्हणून एकाच लॅपटॉपच्या दोन ओळी झाल्या होत्या, एक जुन्या पत्त्याची आणि एक नव्या. जुनी ओळ दिसत राहिली, कारण बॉक्स प्रत्येक उपकरणाला घरच्या नेटवर्कवरचा एक क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, देतो आणि एकदा दिलेला २४ तास राखून ठेवतो. यादीत आहे म्हणजे आत्ता जोडलेलं आहे, असं नाही. आत्ता हवेत कोण आहे हे बघायचं तर वायरलेसच्या पानावरची वेगळी यादी बघावी लागते. तिथे ही जुनी ओळ नव्हतीच.

पाचवी ओळ मात्र घरातलं सगळं बंद केलं तरी हलेना. नावावरून अँड्रॉइड टीव्ही आहे. आमचा टीव्ही वेगळ्या कंपनीचा आहे आणि तेव्हा त्याचा प्लगही काढलेला होता.

मंगळवार, ५ ऑगस्ट

वायरलेसच्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे सिग्नल किती पोचतो हा आकडा असतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. माझा फोन हॉलमध्ये उणे ४२ दाखवतो, आतल्या खोलीत उणे ६० च्या आसपास, दाराबाहेर जिन्यात उणे ६८. त्या टीव्हीचा आकडा उणे ७६ ते उणे ७८ मध्ये असतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. खिशातला फोन असता तर माणूस चालेल तसा आकडा वरखाली झाला असता. म्हणजे वस्तू एका जागी ठेवलेली आहे आणि मध्ये किमान दोन भिंती आहेत.

एवढ्यावरून अमक्याच ब्लॉकमधली असं म्हणता येत नाही. प्रत्येक उपकरणाचा अँटेना वेगळा, आणि आमच्या बॉक्सपासून शेजारचा हॉल व वरच्या मजल्यावरची खोली जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. वहीत "बहुधा शेजारी किंवा वर" एवढंच लिहिलं.

मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हा टीव्ही शुक्रवारी संध्याकाळपासून सलग जोडलेला आहे. शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीची लाइट गेली होती. त्याआधी तो आमच्यावर होता की नाही हे बॉक्स सांगत नाही, पण नेट रडायला लागलं तेही त्याच संध्याकाळपासून.

एका लांबच्या टीव्हीने सगळ्यांचं नेट का मंदावतं, हेही यातून कळलं. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. जवळचं उपकरण आपला मजकूर झटकन पाठवून मोकळं होतं. भिंतींपलीकडचं उपकरण कमी वेगाने बोलतं, तेवढ्याच मजकुराला कितीतरी पट वेळ घेतं, आणि तोवर बाकीचे रांगेत उभे. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. टीव्ही २.४ वर आहे, आणि आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ पोचत नसल्यामुळे माझा लॅपटॉपही तिथेच आहे. त्यांच्या घरात रात्री सिरियल लागली की माझा कॉल अडकणारच.

बुधवार, ६ ऑगस्ट

सोपा उपाय म्हणून सगळे सांगतात तो आधी तपासला: त्या टीव्हीचा मॅक पत्ता बॉक्समध्ये बंदी यादीत टाकायचा. तो टाकण्याआधी माझ्या स्वतःच्या फोनवर प्रयोग केला. फोनचा पत्ता बंदी यादीत टाकला, फोन लगेच बाहेर फेकला गेला. मग फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये बनावट पत्त्याऐवजी फोनचा मूळ पत्ता वापरायला सांगितलं. फोन मिनिटभरात पुन्हा आत.

बंदी यादी पत्ता अडवते, पासवर्ड माहीत असलेला माणूस अडवत नाही. मुद्दा टीव्हीचा नाहीच. आमचा पासवर्ड घराबाहेर गेलाय, हा मुद्दा आहे. तो कुणाकुणाला माहीत आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो बदलायलाच हवा.

पासवर्ड बाहेर कसा गेला असेल? तो बॉक्स बसवायला आलेल्या माणसाने ठेवला होता: बाबांचा मोबाइल नंबर. "लक्षात राहायला सोपा" म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांचा असाच ठेवलेला आहे. आणि बाबा सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे त्यांचा नंबर खाली लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेला आहे.

नंबर माहीत नसलेल्यालाही तो फार काळ रोखू शकत नाही. एखादा फोन वाय-फायला जोडला जाताना जी देवघेव होते ती हवेतून टिपून घेता येते, आणि मग घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघता येतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. सगळे नंबर तासा-सव्वातासात संपतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

जेवताना बाबा म्हणाले, "अगं, वापरलं थोडं नेट तर काय बिघडलं? आपल्याला पुरतंय ना." त्यांचं म्हणणं मला पटतं. शेजाऱ्याला अडीअडचणीला नेट द्यायला माझी कधीच ना नाही. पण कोण वापरतंय हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, कारण आमच्या वाय-फायवरून बाहेर गेलेली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या नोंदीत बाबांच्या नावावर लागते.

त्यांना २००८ ची आठवण करून दिली. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपासात त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या कनेक्शनचा निघाला. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं, पण पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. बाबांना ती बातमी लख्ख आठवत होती. म्हणाले, "बदल मग. पण माझा फोन तू जोडून द्यायचास."

रविवार, १० ऑगस्ट

काल राखीपौर्णिमा होती, घरात माणसं होती, म्हणून काम आज सकाळी घेतलं.

बॉक्सच्या मागे सुई घालून दाबायचं रीसेटचं बारीक भोक असतं. त्याला हात लावला नाही. फायबरच्या बॉक्समध्ये कंपनीने दिलेलं लॉगिन आणि लाइनची जुळणी साठवलेली असते. रीसेट केलं की तीही पुसली जाते, नेट पूर्ण बंद पडतं आणि माणूस येईपर्यंत हात चोळत बसावं लागतं. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. लॅपटॉप केबलने जोडला, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड बदलताना स्वतःच बाहेर फेकले जाणार नाही.

पहिल्यांदा बॉक्सच्या पानाचा पासवर्ड बदलला. नुसता वाय-फायचा बदलून पुरत नाही. पुढे कधी आत आलेल्या कुणालाही स्टिकरवरचा नेहमीचा पासवर्ड वापरून पान उघडता आलं असतं आणि सगळी सेटिंग बदलता आली असती. मग बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, हे पान उघडायची परवानगी बंद आहे ना ते पाहिलं. बंदच होती. कंपनीचं स्वतःचं एक खातं बॉक्सवर असतं, ते मला काढता येत नाही.

त्याच पानांवर आणखी दोन गोष्टी तपासल्या. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं डीएनएस कुणी बदललेलं नाही ना, आणि बाहेरून घरात यायला एखादा पोर्ट कुणी उघडून ठेवलेला नाही ना. डीएनएस बदललं की बँकेचं नाव टाकल्यावर भलत्याच ठिकाणी नेता येतं. ब्राउझर बहुधा प्रमाणपत्राचा इशारा देतो, पण घाईत लोक तो ओलांडून पुढे जातात. आमच्याकडे दोन्ही जागा स्वच्छ होत्या.

डब्ल्यूपीएस चालू होतं, ते बंद केलं. त्यात पासवर्डाऐवजी आठ आकडी पिन चालतो. आठ आकडे म्हटल्यावर पुष्कळ वाटतात, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि बॉक्स पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० शक्यता उरतात. ही खोट २०११ मध्ये उघडकीला आली. ते चालू राहिलं असतं, तर कितीही लांब पासवर्ड ठेवून मागचं दार उघडंच.

त्यानंतर वाय-फाय. सुरक्षेचा प्रकार जुना-नवा मिश्र होता, तो डब्ल्यूपीए२ आणि मजकूर कुलूपबंद करायची फक्त एईएस पद्धत असा केला. पासवर्डसाठी घरातला शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडला, बोट जिथे पडलं तो शब्द घेतला आणि पाचही रोमन लिपीत छोट्या अक्षरांत सलग लिहिले. मनाने शब्द निवडले की माणूस देवाचं, गावाचं, पोराबाळांचं नाव घेतो, म्हणून बोटावर सोडलं. नुसत्या दोन हजार शब्दांतून पाच निवडले, तरी वरच्यासारख्या कार्डाला सगळे लावून बघायला हजार वर्षांच्या घरात लागतील. आणि छोटी अक्षरं असल्यामुळे टीव्हीच्या रिमोटने टाकताना जीव जात नाही.

नेटवर्कचं नावही बदललं. जुन्या नावात आडनाव आणि ब्लॉक नंबर दोन्ही होते, जिन्यात उभ्या माणसाला ते सांगायची गरज नाही.

सेव्ह केल्याबरोबर सगळी उपकरणं बाहेर पडली. वायरलेसची यादी रिकामी.

सोमवार, ११ ऑगस्ट

फोन, लॅपटॉप, टॅब काल दहा मिनिटांत जोडून झाले. प्रत्येकावर जुनं नेटवर्क साठवणीतून काढून टाकलं. जुना पासवर्ड ज्याला माहीत आहे, त्याने त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डाचं वाय-फाय आपल्या फोनवरून सुरू केलं, तर साठवण असलेला आमचा फोन आपणहून त्याला जाऊन चिकटेल. मग आमची सगळी ये-जा त्याच्या हातून होईल. बाबांच्या फोनवर हे दोनदा तपासलं, कारण ते जिन्यात बसून पेपर वाचतात.

वेळ खाल्ला तो स्मार्ट प्लगांनी. त्यांना नवा पासवर्ड सांगायची सोय नाही. बटण पाच सेकंद दाबून दिवा भराभर लुकलुकायला लागला की ॲपमधून पहिल्यापासून जोडायचे. शिवाय प्लग फक्त २.४ वर बोलतात. फोन ५ वर होता तेव्हा जोडणी अर्ध्यात तुटत होती. बॉक्समध्ये ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद केलं आणि दोन्ही प्लग लगेच जोडले गेले.

दारावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा बदलला. तो अजून कारखान्यातलाच होता, आणि वाय-फायच्या आत असलेल्या कुणालाही त्याचं चित्र बघता आलं असतं. कंपनीच्या ग्राहक पानाचाही बदलला, कारण तोही मोबाइल नंबरच होता. बँकेचे आणि ईमेलचे मात्र बदलले नाहीत. त्यांचा मजकूर फोनपासून बँकेपर्यंत कुलूपबंद जातो. शेजारच्या टीव्हीवरूनच काय, आमच्या बॉक्सवरूनही तो वाचता येत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

पलीकडच्या काकू आल्या. टीव्हीवर नेटवर्क नाही असं येतंय, जरा बघतेस का, म्हणाल्या. गेले. त्यांच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये साठवलेली दोन नेटवर्कं होती, एक त्यांचं आणि एक आमचं जुनं. मॅक पत्ता वहीतल्या पाचव्या ओळीशी अक्षर न्‌ अक्षर जुळला.

"काकू, यात आमचं नेट कुणी घातलं?" मी सरळ विचारलं.

"तुमचं? नाही गं. टीव्ही आला तेव्हा आमचं नेट चालू व्हायचं होतं. बसवायला आलेल्या पोराने काहीतरी घालून चालू करून दाखवला. आम्हाला काय कळतंय त्यातलं."

दोन्ही घरांत बॉक्स बसवायला एकच माणूस आला होता. त्याला आमचा पासवर्ड माहीत होता, कारण तो त्यानेच ठेवला होता. टीव्ही चालू झाला, त्यांचं नेट दुसऱ्या दिवशी आलं, आणि आमचं नाव साठवणीत तसंच राहिलं.

मग शुक्रवारचंही जमलं. आमच्या बॉक्सला छोटा यूपीएस आहे, तो लाइट गेली तरी चालू राहतो. काकूंकडे नाही. लाइट आल्यावर त्यांचा टीव्ही अर्ध्या मिनिटात जागा झाला, पण फायबरच्या बॉक्सला लाइन धरून वाय-फाय सुरू करायला काही मिनिटं लागतात. टीव्हीला हवेत ओळखीचं एकच नाव दिसलं, आमचं. तो त्यावर गेला, आणि एकदा जोडला की तुटेपर्यंत दुसरीकडे बघत नाही.

आमचं नाव काढून टाकलं, त्यांचं निवडलं. टीव्ही चालू झाला, आणि त्यांचा बॉक्स त्याच खोलीत असल्यामुळे चित्रही आधीपेक्षा स्वच्छ यायला लागलं. त्यांचा पासवर्डही काकांचा मोबाइल नंबर होता. काकूंना विचारून तोही शब्दकोशातून बदलून दिला, आणि त्यांचं डब्ल्यूपीएस बंद केलं. रात्री आतल्या खोलीत ४१ एमबीपीएस मिळाले.

रविवार, २४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. दीड दिवसात घरात पन्नासेक माणसं येऊन जातील आणि निम्मी नेट मागतील. नवा पासवर्ड आठवड्यात पुन्हा गावभर व्हायला नको, म्हणून पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क केलं. त्याचा क्यूआर छापून शोकेसवर ठेवणार आहे. क्यूआरच्या आत पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो:

```
WIFI:T:WPA;S:pahune;P:modak-dya-lavkar;;
```

फोटो काढून नेणाऱ्याला तो कायमचा मिळतो. म्हणून हा पासवर्ड फक्त या गणपतीपुरता.

वेगळं नाव दिलं की ते खरंच वेगळं असतं असं नाही, हे आज कळलं. फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकून `192.168.1.1` उघडून बघितलं, तर बॉक्सचं पान दिसलं. प्रिंटरही सापडला. म्हणजे दार वेगळं, पण घर एकच. दुसऱ्या पानावर तळाशी अलगीकरणाची खूण होती. ती केल्यावर पुन्हा बघितलं. पान उघडेना, प्रिंटर दिसेना, बाहेरचं इंटरनेट मात्र व्यवस्थित. ही खूण ज्या बॉक्सवर नसेल, त्यावर पाहुण्यांचं नेटवर्क ठेवण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काल संध्याकाळी विसर्जन झालं. आज सकाळी पाहुण्यांचं नेटवर्क बंद केलं. वायरलेसची आणि आयपी पत्त्यांची, दोन्ही याद्या वहीशी ताडून बघितल्या. ११ उपकरणं, सगळी आमची, आणि बॉक्सवर प्रत्येकाला मराठीत नाव दिलेलं आहे. पुढच्या वेळी परकी ओळ आली तर ती बिननावाची असल्यानेच कळेल.

सोसायटीच्या सभेत दोन गोष्टी मांडायला बाबांना सांगितलंय: ज्यांचा वाय-फाय पासवर्ड मोबाइल नंबर आहे त्यांना तो बदलून द्यायला मी येईन, आणि नवा बॉक्स बसवताना पासवर्ड घरच्यांनी स्वतः टाइप करायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजींचं काम रविवारी ठरलंय.